नंबर आपल्याकडचा, कॉल परदेशातला: हे होतं कसं आणि पकडायचं कसं

जुलै २०२४ मधली गोष्ट. माझी मावशी वाशीला राहते, एकटीच असते, मुलगा दुबईला. दुपारी जेवून जरा आडवी झाली होती आणि फोन वाजला, नंबर 98202 ने सुरू होणारा. आता मुंबई, ठाणे, नवी मुंबईत ज्यांनी अगदी सुरुवातीला मोबाइल घेतले त्यांना 98200, 98201, 98210 हे आकडे म्हणजे आपल्या गल्लीतलेच वाटतात, कारण 9820 आणि 9821 या मुंबई सर्कलच्या पहिल्यावहिल्या सिरीज, आणि ठाणे, नवी मुंबई, कल्याण, डोंबिवली सगळं त्याच सर्कलमध्ये येतं. मावशीने लगेच उचलला.

पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता. तुमच्या आधारवर एक पार्सल पकडलंय, त्यात नको त्या वस्तू आहेत, थांबा पोलिसांना लाइनवर घेतो, वगैरे वगैरे. नशिबाने तेवढ्यात दारावरची बेल वाजली, कामवाली आली होती, मावशीने फोन ठेवला आणि घाबरून मला लावला. तिचं म्हणणं एकच होतं, "अरे, माणूस खोटा वाटत होता रे, पण नंबर आपल्याकडचाच होता. आणि त्या अ‍ॅपवर नावपण आलं, मराठी नाव, पुढे ठाणे लिहिलेलं."

मी तिच्याकडून नंबर घेतला आणि माझ्या फोनवरून स्वतः टाइप करून लावला. एका काकांनी उचलला. कोपरीला राहतात, रिटायर्ड आहेत. मी अजून काही बोलायच्या आत ते म्हणाले, "तुम्ही आजचे सतरावे. मी कोणालाही फोन केलेला नाही हो."

ते खरंच बोलत होते. मावशीही खरं बोलत होती, तिच्या स्क्रीनवर त्यांचाच नंबर आला होता. मी बरीच वर्षं महापेला एका टेलिकॉम कंपनीच्या नेटवर्क टीममध्ये काम केलंय, त्यामुळे मला हे नवीन नव्हतं, पण त्या दिवशी मावशीला आणि मग संध्याकाळी परत फोन करून काकांना समजावताना लक्षात आलं की हा प्रकार आतून कसा चालतो हे कोणी सांगतच नाही, सगळे नुसतं "सावध राहा" म्हणतात. म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात आधी हे समजून घ्या की स्क्रीनवर दिसणारा नंबर म्हणजे कॉल कुठून आला याचा पुरावा नाही. पूर्वी आपण पत्र पाठवायचो तेव्हा पाकिटाच्या मागे पाठवणाऱ्याचा पत्ता लिहायचो, आठवतंय? तो पत्ता पाठवणाराच लिहायचा. मी सिंगापूरला बसून पाकिटामागे "कोपरी, ठाणे पूर्व" लिहिलं तर पोस्टमन काही विचारणार नव्हता, तो फक्त पुढचा पत्ता बघायचा. पण त्याच पाकिटावर एक टपालाचा शिक्का असायचा, आणि तो शिक्का मारणारं पोस्ट ऑफिस असायचं, पाठवणारा नाही. फोनमध्ये अगदी तसंच आहे. दिसणारा नंबर म्हणजे मागचा पत्ता. शिक्का वेगळा असतो, तो तुमच्या स्क्रीनवर येत नाही, तो ऑपरेटरच्या रेकॉर्डमध्ये असतो. त्या शिक्क्याकडे मी पुढे येतोच.

मागचा पत्ता पाठवणाऱ्याला लिहू का देतात, हा प्रश्न सगळ्यांना पडतो आणि तो बरोबर आहे. याचं कारण चांगलंच होतं. ऐरोलीतल्या एखाद्या कंपनीत दोनशे लोकांच्या टेबलावर फोन आहेत, पण त्यांच्यापैकी कोणीही बाहेर कॉल केला तरी समोरच्याला कंपनीचा बोर्ड नंबर दिसायला हवा, नाहीतर लोक परत फोन करणार कुठे? म्हणून कंपनीची मशीन कॉल पाठवताना स्वतः सांगते की हा नंबर दाखव. इंटरनेटवरून जाणाऱ्या कॉलमध्ये तर ही एक साधी ओळ असते, मशीन जे टाइप करेल ते जातं. साधारण अशी:

```
From: <sip:+9198202XXXXX@voip.example>
To: <sip:+9198XXXXXXXX@gateway.example>
```

`To` बरोबर असावंच लागतं, नाहीतर कॉल पोचणार नाही. `From` मध्ये काय लिहिलंय त्यावर कॉलचं पोचणं अवलंबून नाही. चांगली कंपनी असेल तर ती आपल्या गिऱ्हाइकाला त्याचेच नंबर `From` मध्ये टाकू देते, दुसरे टाकले तर कॉल पाडते. पण जगात इंटरनेट कॉलिंगचे शेकडो छोटे विक्रेते आहेत आणि त्यातल्या काहींना फक्त मिनिटं विकायची असतात, ते तपासत नाहीत.

मग काकांच्या नंबरचा प्रवास कसा झाला ते बघा. समजा कंबोडियात बसलेल्या माणसाने लॅपटॉपवरून कॉल लावला, `From` मध्ये काकांचा नंबर टाकला. तो कॉल गेला एका छोट्या विक्रेत्याकडे, त्याने तो भारताचा स्वस्त रेट देणाऱ्या दुसऱ्या कंपनीला दिला, ती कंपनी कदाचित तिसऱ्याच देशात, तिने अजून मोठ्या कंपनीला दिला, आणि शेवटी तो समुद्राखालच्या केबलने भारतात एका इंटरनॅशनल गेटवेवर, म्हणजे परदेशातले कॉल देशात घेणाऱ्या दारावर, येऊन थडकला. मधल्या प्रत्येकाने मागचा पत्ता जसाच्या तसा पुढे ढकलला. गेटवेने इंटरनेटची भाषा आपल्या नेटवर्कच्या भाषेत बदलली, तो नंबर "कॉल करणारा" या रकान्यात भरला, आणि मावशीच्या फोनने तो दाखवला. मावशीच्या फोनला दुसरं काही कळायचा मार्गच नव्हता.

आणि ते नाव? ते सगळ्यात फसवं. कॉलर ओळखणारं अ‍ॅप काय करतं, आलेला नंबर घेतं आणि लोकांच्या फोनबुकमधून गोळा केलेल्या यादीत शोधतं. नंबर काकांचा, म्हणून नाव काकांचं. अ‍ॅपने चूक केली नाही, त्याला चुकीचा नंबर मिळाला. म्हणजे दुसऱ्याचा नंबर दाखवणाऱ्या अशा स्पूफ कॉलमध्ये नाव बरोबर येणं हा कॉल खरा असल्याचा पुरावा अजिबात नाही, उलट त्याने विश्वास वाढतो.

आता कोणीही हुशार माणूस विचारेल की भारतातला +91 चा नंबर इंटरनॅशनल गेटवेवरून आत येतोय म्हटल्यावर तो तिथेच का नाही अडवत. लँडलाइनच्या बाबतीत हे सोपं आहे आणि ते केलं गेलं. ठाण्याचा 022-25 ने सुरू होणारा किंवा वाशीचा 022-27 ने सुरू होणारा लँडलाइन फोन भिंतीला तारेने बांधलेला आहे, तो परदेशात जाऊच शकत नाही, त्यामुळे असा नंबर परदेशातून येताना दिसला की खोटाच. दूरसंचार विभागाने कंपन्यांना तसे आदेश दिले होते आणि लँडलाइन नंबरचे असे कॉल आधीपासून अडवले जात होते.

घोळ मोबाइलमध्ये आहे, आणि तो घोळ म्हणजे माझ्या मावसभावासारखी माणसं. तो सुट्टी संपवून दुबईला गेला की पहिले काही दिवस त्याचं इथलं सिम रोमिंगवर चालू असतं. तो आईला फोन लावतो तेव्हा तो कॉल दुबईच्या नेटवर्कवरून निघतो, इंटरनॅशनल गेटवेवरून भारतात येतो, आणि नंबर दिसतो +91 चा. हा कॉल शंभर टक्के खरा आहे. गेटवेवर बसलेल्या मशीनला मावसभावाचा खरा कॉल आणि काकांच्या नावाने आलेला खोटा कॉल दिसायला अगदी सारखे. सगळे अडवले तर परदेशात गेलेल्या प्रत्येकाचा घरी लागणारा फोन बंद. म्हणून इतकी वर्षं सगळेच सोडले जात होते.

यावर जो उपाय निघाला तो मला खरंच आवडतो, कारण तो नंबरकडे बघतच नाही, सिम कुठे आहे ते विचारतो. तुमचं सिम ज्या कंपनीचं आहे तिच्याकडे एक मोठं रजिस्टर असतं, त्यात प्रत्येक सिम आत्ता कोणत्या नेटवर्कवर आहे याची नोंद असते. तुम्ही परदेशात विमानतळावर उतरून फोन चालू केला की तिथलं नेटवर्क तुमच्या कंपनीला कळवतं की हे सिम आमच्याकडे आलंय. ही नोंद झाल्याशिवाय रोमिंग चालतच नाही. मग गेटवेवर +91 चा मोबाइल नंबर आला की हे रजिस्टर बघायचं. मावसभावाच्या नंबरसमोर लिहिलेलं असेल "बाहेर, दुबई", कॉल सोडा. काकांच्या नंबरसमोर लिहिलेलं असेल की सिम इथेच आहे, मुंबई सर्कलमध्ये, घरच्या नेटवर्कवर. मग एकच सिम कोपरीत पण आहे आणि परदेशातून कॉल पण करतंय असं होऊ शकत नाही, कॉल पाडा.

अडचण एवढीच की रजिस्टर ज्याचं त्याच्याकडे असतं. एका कंपनीच्या गेटवेवर दुसऱ्या कंपनीचा नंबर आला तर तिला काय कळणार? म्हणून हे दोन टप्प्यात करायचं ठरलं, आधी प्रत्येक कंपनीने आपापल्या नंबरचे खोटे कॉल अडवायचे, आणि मग एक केंद्रीय सिस्टिम, जी कोणत्याही गेटवेला कोणत्याही कंपनीच्या नंबरबद्दल उत्तर देईल. ही केंद्रीय सिस्टिम २२ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाली. पहिल्या २४ तासांतच भारतीय नंबर दाखवत परदेशातून आलेल्या कॉलपैकी जवळपास ९० टक्के, म्हणजे साधारण १ कोटी ३५ लाख कॉल खोटे निघाले आणि अडवले गेले, असं सरकारने सांगितलं. एका दिवसात. मला तो आकडा वाचून मावशीच आठवली. तिचा कॉल त्याच्या तीन महिने आधीचा.

याला भोकं आहेत का? आहेत. ज्याचा नंबर चोरला तो माणूस खरोखरच त्या वेळी परदेशात रोमिंगवर असेल तर रजिस्टर म्हणेल "बाहेर आहे" आणि खोटा कॉलही सुटू शकतो. पण ठगाला हे आधी माहीत असायला हवं, त्यामुळे हे भोक छोटं आहे. मोठी भोकं दुसरी आहेत, ती पुढे सांगतो.

आता तुम्ही घरबसल्या काय तपासू शकता. मी मावशीला तीनच गोष्टी शिकवल्या, त्याहून जास्त कोणाच्या लक्षात राहत नाही.

पहिली गोष्ट, आकडे मोजायचे आणि सुरुवात बघायची. +91 नंतर बरोबर दहा आकडे हवेत, एक कमी नाही एक जास्त नाही. मोबाइल असेल तर पहिला आकडा ६, ७, ८ किंवा ९ च असणार. मुंबई, ठाणे, नवी मुंबईचा लँडलाइन असेल तर 22 आणि पुढे आठ आकडे. `From` मध्ये हाताने नंबर भरणारे कधी कधी अकरा आकडे टाकतात, कधी नऊ, आणि नेटवर्क ते तसंच दाखवतं. असा नंबर दिसला की विचार करत बसायची गरज नाही, तसा फोन भारतात अस्तित्वातच नाही. मात्र उलटं खरं नाही हं, दहा आकडे बरोबर आहेत म्हणून कॉल खरा असं होत नाही, काकांचा नंबर तर पूर्ण बरोबरच होता. आणि 98202 म्हणजे मुंबईचाच माणूस हेही आता राहिलेलं नाही, २०१५ पासून नंबर तोच ठेवून देशात कुठल्याही सर्कलला जाता येतं, त्यामुळे खरा असला तरी तो माणूस लखनौला बसलेला असू शकतो.

दुसरी गोष्ट, शून्य आणि प्लस यातला फरक. हे आपल्या भागातल्या लोकांनी तर नीट लक्षात ठेवायलाच हवं. कल्याण-डोंबिवलीचा एसटीडी कोड 0251 आहे हे इथे शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. आणि +251 हा इथिओपियाचा कोड आहे. घाईत मिस्ड कॉल बघितला, 251 दिसलं, डोंबिवलीचं कोणीतरी असेल म्हणून परत लावला, की कॉल गेला आफ्रिकेत, पैसे आयएसडीचे. हा योगायोग फक्त डोंबिवलीचा नाही, आपल्या अर्ध्या महाराष्ट्राचा आहे. वसई-विरार 0250, आणि +250 रवांडा. नाशिक 0253, आणि +253 जिबुती. सांगली 0233, आणि +233 घाना. कोल्हापूर 0231, आणि +231 लायबेरिया. पुणे 020, आणि +20 म्हणजे इजिप्त.

इथे नियम असा आहे की सुरुवातीला शून्य म्हणजे "भारतातल्या भारतात दुसऱ्या गावाला", आणि प्लस म्हणजे "पुढे देशाचा कोड येतोय". त्यामुळे आपल्या डोंबिवलीच्या लँडलाइनला प्लस लावायचा असेल तर आधी 91 यायलाच हवं, +91 251 आणि पुढे सात आकडे. प्लसच्या लगेच पुढे 251 असेल आणि पाठोपाठ 9 ने सुरू होणारे नऊ आकडे असतील तर तो इथिओपियाचा मोबाइल आहे, विषय संपला. हा स्पूफ पण नाही, नंबर खरा परदेशीच आहे, फक्त आपला डोळा फसतो. एक रिंग देऊन कट करणाऱ्यांचा धंदा याच्यावरच चालतो, तुम्ही परत लावलात की तिकडच्या महागड्या नंबरवर जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाचा त्यांना हिस्सा मिळतो.

देशाचा कोड वाचताना अजून एक, तो एक, दोन किंवा तीन आकड्यांचा असतो. +7 रशिया, पण +77 दिसलं तर कझाकस्तान. +84 व्हिएतनाम, +855 कंबोडिया, +856 लाओस. +1 दिसलं की लोक अमेरिकाच धरतात, पण कॅनडा आणि कॅरिबियन बेटंही त्याच +1 खाली आहेत, +1 876 म्हणजे जमैका. आणि +89 ने सुरू होणारा नंबर दिसला तर देश शोधत बसू नका, तो कोड कोणत्याच देशाला दिलेला नाही, म्हणजे तो आकडा कोणीतरी बनवलेला आहे.

तिसरी गोष्ट, आणि +91 च्या नंबरसाठी ही सगळ्यात पक्की. फोन ठेवा आणि तोच नंबर स्वतः लावा. स्पूफ एकाच दिशेने चालतो. येताना खोटा पत्ता चालतो, पण तुम्ही तो नंबर लावलात की नेटवर्क तो खऱ्या मालकाकडेच नेणार, ठगाकडे कॉल जायचा रस्ताच नाही. मग तीनपैकी एक होतं. कोणीतरी भलताच माणूस उचलतो आणि म्हणतो मी केला नाही, काकांसारखा. किंवा "हा नंबर अस्तित्वात नाही" असं ऐकू येतं, म्हणजे नंबर हवेतून बनवला होता. किंवा तोच माणूस उचलतो, मग तो नंबर त्याच्याच हातात आहे, स्पूफ नाही, पण म्हणून तो प्रामाणिक आहे असंही नाही. एक पथ्य मात्र पाळा, बँक किंवा पोलीस असल्याचं सांगणारा कॉल असेल तर तो दिसलेला नंबर नाही, तर पासबुकावरचा किंवा कार्डच्या मागचा नंबर लावायचा. आणि प्लसपुढे 91 सोडून दुसरं काही असेल तर परत लावायचाच नाही.

ही तिसरी तपासणी कॉल खोटा आहे हे सांगते, देश सांगत नाही. काही ऑपरेटर आता परदेशातून आलेल्या कॉलवर स्क्रीनवर "International Call" असं दाखवतात, ते दिसलं आणि नंबर +91 चा असेल आणि तुमचं कोणी परदेशात गेलेलं नसेल तर तिथेच कळतं. पण ते दिसलं नाही म्हणजे कॉल देशातलाच, असं धरू नका. माझा मावसभाऊ दुबईत हॉटेलच्या वायफायवरून, फोनमधलं वायफाय कॉलिंग चालू ठेवून लावतो तेव्हा तो कॉल इंटरनेटवरून थेट त्याच्या इथल्या कंपनीच्या दारात येतो आणि देशी कॉलसारखाच दिसतो.

मग खरा देश कळतो कुठे? त्या टपालाच्या शिक्क्यात. मावशीच्या ऑपरेटरकडे त्या कॉलची एक नोंद पडते. त्यात वेळ असते, दाखवलेला नंबर असतो, मावशीचा नंबर असतो, किती सेकंद बोलणं झालं ते असतं, आणि एक रकाना असतो की हा कॉल आमच्याकडे कोणत्या वाटेने आला. त्या वाटेला आम्ही ट्रंक ग्रुप म्हणतो. काकांचा खरा कॉल असता तर तो त्यांच्या कंपनीकडून देशातल्या वाटेने आला असता. हा आला गेटवेच्या वाटेने. ठग `From` मध्ये काहीही लिहू दे, हा रकाना त्याच्या हातात नाही, तो नोंद करणारी मशीन भरते.

आणि याची दुसरी बाजू काकांकडे होती, ती मला त्यांच्याकडूनच मिळाली. त्यांचं पोस्टपेड आहे. मी त्यांना कॉलची यादी काढायला सांगितली. मावशीला कॉल आला तो दुपारी २ वाजून १२ मिनिटांनी. काकांच्या यादीत त्या दिवशी सकाळी एक कॉल मुलीला, नंतर एक गॅसवाल्याला, आणि मग थेट संध्याकाळी. मधे काहीच नाही. खरा कॉल दोन वह्यांमध्ये लिहिला जातो, करणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या. इथे फक्त घेणाऱ्याच्या वहीत होता. त्यामुळे कोणी तुमच्या नंबरवरून आलेल्या कॉलबद्दल तक्रार केली तर ही यादी हाच तुमचा सगळ्यात मोठा पुरावा, ती त्याच आठवड्यात काढून ठेवा. काकांना त्यांच्या ऑपरेटरच्या दुकानात "नंबर बदलून टाका" सांगितलं होतं, मला ते अजिबात पटलं नाही. त्याने काहीच थांबत नाही, ठग त्यांच्या सिममध्ये शिरलेला नव्हताच, आणि वीस-पंचवीस वर्षं जुना नंबर, बँक, पेन्शन, आधार सगळं त्याला जोडलेलं. काकांनी बदलला नाही. चार दिवसांनी त्यांना येणारे चिडलेले फोन आपोआप थांबले, कारण ही माणसं एक नंबर जास्त दिवस वापरत नाहीत.

मावशीने ऑपरेटरकडे तक्रार केली होती, त्याचं उत्तर आलं की कॉल इंटरनॅशनल गेटवेवरून आला होता. देश कोणता ते त्यात नव्हतं. मावशी रागावली, पण देश सांगणं खरोखरच अवघड असतं. गेटवेला फक्त एवढंच कळतं की शेवटचा हात कोणाचा, म्हणजे कोणत्या परदेशी कंपनीने कॉल त्यांच्याकडे सोपवला. ती कंपनी लंडनची असेल तर कॉल लंडनहून झाला असं नाही, लंडनची कंपनी म्हणेल आम्हाला हाँगकाँगने दिला, हाँगकाँग म्हणेल आम्हाला अमुक विक्रेत्याने दिला, आणि त्या विक्रेत्याच्या लॉगमध्ये कॉल लावणाऱ्याचा आयपी अ‍ॅड्रेस सापडला तर तिथे देश कळतो, तोही खरी जागा लपवणाऱ्या व्हीपीएनमागे नसला तर. प्रत्येक पायरीला वेगळ्या देशाची वेगळी कंपनी, आणि प्रत्येकीला विचारायला पोलिसांचं पत्र लागतं. भारतात ऑपरेटरला कॉलच्या नोंदी निदान दोन वर्षं ठेवाव्या लागतात, पण बाहेरचा छोटा विक्रेता किती दिवस ठेवेल याची खात्री नाही. म्हणून तक्रार त्याच दिवशी केलेली बरी.

आता ती मोठी भोकं. गेटवेवर अडवाअडवी सुरू झाल्यावर ठगांनी दोन रस्ते धरले. एक तर खरे परदेशी नंबर, ते वर आलंच. दुसरा सिम बॉक्स, आणि हा जास्त वाईट. एक छोटी पेटी, तिच्यात पन्नास, शंभर, कधी त्याहून जास्त भारतीय सिम. ती भारतातच कुठल्या तरी भाड्याच्या खोलीत ठेवतात. परदेशातून कॉल इंटरनेटने त्या पेटीपर्यंत येतो, आणि पेटी तो आतल्या एखाद्या खऱ्या सिमवरून पुढे लावते. म्हणजे नेटवर्कच्या दृष्टीने हा कॉल पूर्ण देशी आहे, नंबर खरा, सिम खरं, गेटवे मधे आलाच नाही. भिवंडीत अशी बेकायदा टेलिफोन एक्स्चेंज पकडल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील, ती हीच.

सिम बॉक्ससमोर आपल्या तिन्ही तपासण्या हरतात हे मी मोकळेपणाने सांगतो. आकडे बरोबर, प्लस 91 बरोबर, परत लावला तर बहुतेक वेळा कोणी उचलत नाही, कारण ती सिमं फक्त बाहेर कॉल करायला लावलेली असतात. एवढाच एक सुगावा, सारखं कॉल करणारा नंबर परत लावल्यावर कधीच उचलला जात नाही. पण ऑपरेटरला तो सापडतो, वागण्यावरून. माणसाचं सिम घर, स्टेशन, ऑफिस असं फिरतं, त्याला आईचे, बायकोचे कॉल येतात. पेटीतलं सिम दिवसभर एकाच टॉवरखाली, शेकडो आउटगोइंग, जवळजवळ शून्य इनकमिंग, आणि शेजारी तशीच वागणारी आणखी पन्नास सिमं. तुमची तक्रार गेली की त्या एका नंबरवरून अशी अख्खी पेटी सापडू शकते.

तक्रारीची जागा म्हणजे दूरसंचार विभागाचं पोर्टल संचार साथी, `sancharsaathi.gov.in` किंवा त्यांचं अ‍ॅप. तिथे भारतीय नंबर दाखवून परदेशातून आलेल्या कॉलसाठी वेगळा पर्याय आहे, आणि पोलीस, बँक, केवायसी असं सांगून फसवायला आलेल्या कॉलसाठी तिथलाच चक्षू नावाचा पर्याय. पैसे गेले असतील तर मात्र आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, लगेच, बाकी सगळं नंतर.

तक्रारीत लोक नंबर लिहितात आणि "दुपारी कधीतरी" असं टाकतात, ते चालत नाही. नंबर तर खोटाच आहे, त्याच्यावरून कोणाला काय सापडणार? गेटवेवरून मिनिटाला हजारो कॉल जातात आणि त्यातला तुमचा शोधायचा तो तुमचा नंबर आणि वेळ यावरूनच. त्यामुळे कॉल लॉग उघडा, त्या नोंदीवर दाबून तपशील बघा, वेळ मिनिटापर्यंत आणि बोलणं किती सेकंद झालं ते लिहा, प्लससकट नंबर जसा दिसतोय तसा स्क्रीनशॉट घ्या, आणि परत लावल्यावर कोणी काय सांगितलं तेही एका ओळीत टाका. मावशीच्या तक्रारीत वेळ होती २ वाजून १२ मिनिटं आणि बोलणं १ मिनिट ४८ सेकंद, शिवाय काकांच्या यादीचा फोटो जोडला होता, त्यांनी तो स्वतःहून पाठवला.